एक टक्का आणि तीस वर्षे

म्युच्युअल फंडाच्या खर्चाचे बिल गुंतवणूकदाराला कधीच येत नाही. निधी व्यवस्थापकाचे शुल्क, नोंदी ठेवण्याचा खर्च, वितरकाचे कमिशन हे सारे योजनेच्या मालमत्तेतूनच वळते होते. वर्षभराचा हा खर्च मालमत्तेच्या किती टक्के आहे, ते एक्स्पेन्स रेशो सांगतो. कपात रोज थोडीथोडी होते आणि संध्याकाळी जाहीर होणारी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, ती कपात करूनच काढलेली असते. १.८ टक्के खर्च असलेल्या योजनेत एक लाख रुपये असतील, तर दिवसाला पाच रुपयांच्या आसपास जातात. बाजार त्याच दिवशी शेकडो रुपयांनी वरखाली होतो, त्यामुळे हे पाच रुपये कोणाच्या लक्षात येत नाहीत.

१ जानेवारी २०१३ पासून सेबीच्या आदेशानुसार प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन झाले. रेग्युलर प्लॅन बँक किंवा एजंटामार्फत घेतला जातो आणि त्याच्या खर्चात कमिशन धरलेले असते. डायरेक्ट प्लॅन फंड कंपनीकडून थेट घ्यायचा, त्यात कमिशन नसते. शेअर तेच, व्यवस्थापक तोच, खरेदी-विक्रीचे निर्णयही तेच. फरक फक्त खर्चाचा. म्हणूनच एकाच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही रेग्युलरपेक्षा जास्त दिसते. रेग्युलरचे युनिट कमी किमतीला मिळते म्हणून ते स्वस्त, असा समज अनेकदा होतो. प्रत्यक्षात ती एनएव्ही कमी आहे, कारण तिच्यातून २०१३ पासून रोज जास्त पैसे वजा होत आले आहेत.

शेअरबाजारात गुंतवणाऱ्या सक्रिय योजनांमध्ये दोन्ही प्लॅनमधला फरक अनेकदा एक टक्क्याच्या आगेमागे असतो. लिक्विड फंडांत तो बराच कमी. उदाहरणासाठी डायरेक्टचा परतावा वर्षाला ११ टक्के आणि रेग्युलरचा १० टक्के धरू आणि दोन्हींत एकेक लाख एकरकमी ठेवू. दहा वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे २ लाख ८४ हजार होतील, रेग्युलरमध्ये २ लाख ५९ हजार. हा फरक अजून सोसण्यासारखा वाटतो. वीस वर्षांनी ८ लाख ६ हजार आणि ६ लाख ७३ हजार. तीस वर्षांनी मात्र २२ लाख ८९ हजार आणि १७ लाख ४५ हजार. मूळ रक्कम एक लाख होती आणि अंतर साडेपाच लाखांच्या जवळ पोचले. डायरेक्टमध्ये जे जमले असते, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा रेग्युलरमध्ये नाही.

एक टक्क्याचे चोवीस टक्के होतात ते दोन कारणांनी. कमिशन मूळ लाखावर नसून त्या-त्या दिवशीच्या शिल्लक रकमेवर असते. पहिल्या वर्षी ते हजार रुपये असेल, तर तिसाव्या वर्षी त्या एकाच वर्षाचे सोळा-सतरा हजार होते. त्या वर्षी एजंटाने काही नवीन काम केलेले असो वा नसो. दुसरे कारण अधिक मोठे आहे: पहिल्या वर्षी गेलेले हजार रुपये पुढची एकोणतीस वर्षे वाढलेच नाहीत. दरमहा दहा हजारांच्या एसआयपीत नंतरच्या हप्त्यांना कमी वर्षे मिळतात, म्हणून टक्केवारीत अंतर थोडे कमी राहते. तरी त्याच दरांनी तीस वर्षांनी ते सुमारे ४४ लाख भरते, आणि खिशातून गेलेली एकूण रक्कम ३६ लाखच असते.

कमिशन वाया जाते असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. बाजार कोसळल्यावर घाबरून सारे विकायला निघालेल्या माणसाला ज्याने थांबवले, त्या एजंटाने एखादे वेळी अनेक वर्षांचे कमिशन एका दिवसात फेडलेले असते. प्रश्न असा विचारावा, की शेवटचा असा सल्ला कधी मिळाला होता.

आपला प्लॅन कोणता, हे खातेविवरणातील योजनेच्या नावातच कळते. तिथे ‘डायरेक्ट’ किंवा ‘रेग्युलर’ लिहिलेले असते. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे मात्र कायद्याच्या दृष्टीने विक्री आणि नवी खरेदी ठरते. एक्झिट लोडची मुदत संपली आहे का, ते आधी बघावे लागते, आणि नफ्यावर करही लागतो. इक्विटी फंडात एक वर्षाहून जुन्या युनिटांवरील वर्षभरातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यावर १२.५ टक्के. समजा, पाच लाखांच्या शिलकीत दोन लाख नफा आहे. करपात्र उरतात ७५ हजार, त्यावर उपकरासह कर ९,७५०. एक टक्का फरक म्हणजे पाच लाखांवर वर्षाला पाच हजार, म्हणजे कर दोन वर्षांत भरून निघतो. ईएलएसएसमध्ये प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत हे करताच येत नाही. तिथे जुने युनिट तसेच ठेवून पुढची एसआयपी तेवढी डायरेक्टमध्ये सुरू करावी लागते.