तीन राजे, एक कर्ण आणि माझी चुकलेली सिद्धता

मागच्या पावसाळ्यात नाशिकला घरी होते तेव्हा लाईट गेली की आम्ही बुद्धिबळाच्या पटावर बाटलीची झाकणं मांडून ड्राफ्ट्स खेळायचो. एकदा माझे तीन राजे उरले आणि भावाचा एकच. तरी मी जिंकले नाही. त्याचा राजा पटाच्या मोठ्या कर्णावर बसला होता आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होता. ‘हे जिंकताच येत नाही’ असं म्हणून मी वहीत अर्ध्या पानाची सिद्धता लिहिली. ती चुकीची निघाली, आणि कुठे चुकली ते संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हाला सांगण्यासारखं आहे.

आधी नियम बघू. आम्ही रशियन पद्धतीने खेळतो, ६४ घरांच्या पटावर, फक्त काळ्या घरांत. राजा ‘उडता’ असतो, म्हणजे तिरप्या रेषेत हवा तितका सरकतो. वाटेत विरोधी सोंगटी आली आणि तिच्या लगेच मागचं घर रिकामं असेल तर ती मारावीच लागते. मारल्यावर पलीकडच्या कोणत्याही रिकाम्या घरात उतरता येतं, पण एखाद्या घरात उतरून पुढची सोंगटी मारता येत असेल तर तेच घर घ्यावं लागतं. मारलेल्या सोंगट्या पूर्ण चाल संपल्यावर उचलायच्या. ए१ पासून एच८ पर्यंत जाणारी आठ घरांची रेषा म्हणजे मुख्य कर्ण. कडेच्या घरातला राजा मारता येत नाही, कारण त्याच्या पलीकडे उतरायला घरच नसतं.

आता माझी सिद्धता. एकटा राजा ए१ आणि एच८ या दोन कोपऱ्यांत येरझाऱ्या घालतो. कोपऱ्यात तो मारता येत नाही. त्याची वाट अडवायची तर तिघांपैकी कोणीतरी कर्णावर यायला हवं. पण पहिला येणारा तिथे एकटाच असणार, त्याच्या मागचं घर रिकामं असणार, म्हणून तो मारला जाणार. समोरच्या कोपऱ्यात थेट जाऊन बसावं म्हटलं तर तिथे जायची वाटही कर्णावरूनच आहे. एकटा राजा त्याला मारून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, दोनच राजे उरतात, खेळ बरोबरीत. इति सिद्धम्!

दोन दिवसांनी भावानेच विचारलं, ‘पण मारल्यावर मी कोपऱ्यातच जाऊन बसेन हे कशावरून?’

झाकणं घ्या आणि मांडून बघा. पांढरे तीन राजे ई१, एफ४ आणि एच२ वर. काळा एकटा राजा ए१ वर. चाल पांढऱ्याची. पांढरा ई१ वरचा राजा सी३ वर आणतो, म्हणजे सरळ बळी देतो. काळ्याला तो मारावाच लागतो. उतरायला डी४, ई५, एफ६, जी७, एच८ अशी पाच घरं दिसतात, पण निवड नाही. ई५ वर उतरलं तर शेजारच्या एफ४ वरचा राजा मारता येतो, म्हणून ई५ वरच उतरावं लागतं. तिथून एफ४ मारून पुढे जायचं तर एच२ वर पांढरा बसलेला आहे, म्हणून फक्त जी३ वर थांबता येतं. आता एच२ वरचा पांढरा राजा जी३ वरच्या काळ्याला मारतो. पांढऱ्याने दोन राजे दिले, एक घेतला आणि डाव जिंकला.

सिद्धतेतली तुटलेली कडी दिसली ना? ‘मारून कोपऱ्यात जाऊन बसतो’ या वाक्यात मी गृहीत धरलं होतं की उतरायचं घर काळा निवडतो. सक्तीच्या मारामारीत ते घर कधी कधी पांढरा निवडतो. बाकीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या, म्हणून तर चूक लपून राहिली.

मग तीन राजे जिंकतात असं म्हणायचं का? तेही नाही. हीच मांडणी एक चाल मागे नेऊ. पांढरे तिथेच, काळा एच८ वर, आणि चाल काळ्याची. तो कर्णावरच्या सात घरांपैकी कुठेही जाऊ शकतो. प्रत्येक घर तपासू.

ए१ वर गेला तर वरचाच फास. बी२ वर गेला तरी तोच फास, कारण सी३ चा बळी तिथूनही तसाच घ्यावा लागतो. सी३ वर गेला तर ई१ चा राजा त्याला थेट मारतो. ई५ वर गेला तर एफ४ चा राजा मारतो. एफ६ सुरक्षित वाटतं, पण तिथे दुसरा फास आहे. पांढरा एफ४ वरून जी५ वर येतो, काळ्याला तो मारून एच४ वर जावं लागतं. मग पांढरा एच२ वरून जी३ वर येतो, काळा तोही मारतो, पण ई१ अडलेलं असल्याने एफ२ वरच थांबतो, आणि ई१ चा राजा त्याला मारतो.

उरली डी४ आणि जी७. या दोन घरांवर पांढऱ्याचा कोणताही बळी लगेच लागू पडत नाही, काळा प्रत्येक वेळी सुरक्षित घर शोधतो. म्हणजे सातपैकी पाच घरं हरवणारी, दोन वाचवणारी. माझ्या ‘येरझाऱ्या घाला’ या सल्ल्याने खेळणारा नेमका हरणाऱ्या घरात गेला असता.

म्हणून खेळाचं शास्त्र सांगतं ते दोन भागांत समजून घ्या. काळ्याने नीट खेळलं तर कर्ण धरलेल्या राजासमोर तीन राज्यांना बरोबरीच मिळते. पण ती बरोबरी आपोआप मिळत नाही, प्रत्येक चालीला राखावी लागते. रशियन नियमांत याचं प्रतिबिंब दिसतं. एकट्या राजाकडे कर्ण असेल तर तीन राज्यांना फक्त ५ चाली मिळतात, तेवढ्यात फास बसला नाही तर डाव बरोबरीत. कर्ण त्याच्याकडे नसेल तर १५ चाली मिळतात, कारण तिथे जिंकण्याची खात्रीची रीत आहे. ती रशियन बुद्धिबळपटू अलेक्झांडर पेत्रोव्ह यांच्या १८२७ च्या पुस्तकातली, ‘पेत्रोव्हचा त्रिकोण’ म्हणून ओळखली जाणारी.

एका मांडणीवरून सगळं सिद्ध होत नाही हेही खरं. पूर्ण खात्री हवी तर उलटा हिशोब करायचा. काळी घरं ३२. एकट्या राजाच्या ३२ जागा, आणि उरलेल्या ३१ घरांत तीन राजे ४,४९५ प्रकारे बसतात. गुणाकार १,४३,८४०, चाल कोणाची हे धरून दुप्पट. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही. जिथे डाव संपलेला आहे त्या मांडण्यांवर आधी खूण करायची आणि एकेक चाल मागे यायचं. शेवटी खूण न झालेली मांडणी म्हणजे बरोबरी. एक मात्र विसरू नका. बळी दिला की तीनाचे दोन राजे होतात, म्हणून दोनास एक आणि एकास एक हे तक्ते आधी तयार हवेत. ते नसतील तर वरचे दोन्ही फास तुमच्या प्रोग्रामला दिसणारच नाहीत, आणि तो माझ्यासारखंच छातीठोकपणे सांगेल, ‘जिंकताच येत नाही.’

वहीतलं ते पान मी फाडलं नाही. ‘कोपऱ्यात जाऊन बसतो’ या वाक्याखाली लाल रेघ मारून शेजारी फक्त ‘ई५’ लिहून ठेवलंय.