शिवेचा दगड हलला तर शीव हलते का?

इंदापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोलाच्या विद्यार्थ्यांपुढे एक निवृत्त भूकरमापक बोलायला उभे राहिले. हयात भूमी अभिलेख खात्यात गेली, त्यामुळे फळ्यावर रेघ ओढतानाही हात मोजूनमापून चालायचा. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "शिवेचा दगड कोणी रात्रीतून वीस फूट सरकवला, तर गाव वीस फूट वाढेल का?" निम्म्या वर्गाने हो म्हटलं. शेजारच्या शेताचा बांध दरवर्षी नांगराने थोडा थोडा कोरला जातो, हे डोळ्यांनी बघितलेली ती मुलं होती.

सर म्हणाले, "नाही. दगड ही फक्त खूण. हद्द असते ती मापांत."

हा प्रश्न इंदापुरात विचारला जावा, हे तसं साजेसंच. मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणीची पद्धत इथूनच रुजली. त्याआधी पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली मोजणी चुकीच्या मापांमुळे आणि खालच्या नोकरांच्या लाचखोरीमुळे कोसळली होती. मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. त्याही आधी शीव माणसांच्या आठवणीत असायची. तंटा झाला की वतनदार महाराची साक्ष काढत. शिवेवर पहारा त्याचा, त्यामुळे कोणत्या झाडापासून कोणत्या ओढ्यापर्यंत गाव, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसे. इंग्रजी मोजणीने ही आठवण कागदावर आणली, पण गावांचं म्हणणं डावललं नाही. १८७९च्या जमीन महसूल कायद्यात तरतूद होती की शेजारच्या दोन गावांचे पाटील आणि गावकामगार एखाद्या रेषेवर राजीखुशीने एकमत झाले, तर त्यांच्याकडून तसा करार लिहून घ्यायचा आणि त्याच रेषेवर खुणा घालायच्या.

ही रेषा मोजली कशाने? साखळीने. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. ही सांगड सर सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण मोबाईलवर गुणाकार करून बघत होता. ४३,५६० आल्यावर त्याने मान हलवली.

यापुढे सर ज्या कागदाबद्दल बोलले, त्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. आपण गावचा नकाशा बघतो, आणि तोच शेवटचा शब्द समजतो. जुना गावनकाशा आठ इंचाला एक मैल या प्रमाणात काढलेला असतो, म्हणजे त्यावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट भरतो. शाईची रेघ इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड धरली, तर ती रेघच जमिनीवर तेरा फूट रुंद होते. बांधावरून कोर्टात गेलेली माणसं याहून कमी जागेसाठी भांडत असतात. शिवाय कागद दमट हवेत ताणतो, झेरॉक्स त्याला आणखी ताणते. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून हद्द सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, असं सरांनी बजावलं.

हद्द खरी राहते ती टिपणात. टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबरची हाताने काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते, वेडीवाकडी दिसते, पण तिच्यावर जागेवर घेतलेलं प्रत्येक माप साखळ्या आणि आण्यांत लिहिलेलं असतं. मोजणीदार शेतातून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तिरकी रेघ टाकायचा. मग प्रत्येक कोपऱ्यासमोर या रेघेवर काटकोन साधायचा, लंब मोजायचा आणि आकडा लिहायचा. कोपऱ्यावरचा दगड उद्या नाहीसा झाला, तरी त्याची जागा त्या दोन आकड्यांत राहते.

सरांनी फळ्यावर स्वतःच्या कामातलं एक उदाहरण घेतलं. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड वादात होता. त्याला 'ब' म्हणू. तिरकी रेघ 'अ' ते 'क', टिपणात लांबी २० साखळ्या. 'अ'पासून १२ साखळ्या ४ आण्यांवर डावीकडे ५ साखळ्या ८ आणे लंब, तिथे 'ब'. गावची शीव 'ब' ते 'क'.

सुरुवात 'ब'पासून करायची नाही, ही पहिली गोष्ट. वादातल्या दगडावरून मोजलं की वादच मोजला जातो. 'अ' आणि 'क' हे दोन्ही दगड जागेवर होते, आजूबाजूच्या सर्व्हे नंबरांशी त्यांची मापं जुळत होती. फितीने मोजलं तर 'अ'–'क' अंतर ६६० ऐवजी ६६३ फूट भरलं. वर्गात कोणीतरी म्हणालं, "म्हणजे जुनी मोजणी चुकली." सर हसले. साखळी वापरून वापरून कड्यांशी झिजते आणि लांबते. तिने वीस भरल्या, तर जमीन वीस साखळ्यांहून थोडी जास्त असते. त्या मोजणीपुरती ती साखळी ३३ नाही, ३३.१५ फुटांची धरायची आणि बाकीची मापं त्याच हिशेबात वाढवायची. मग 'अ'पासून साधारण ४०६ फुटांवर उभं राहायचं आणि काटकोनात १८२ फूट चालायचं. तिथे झेंडी रोवली.

पण एका आकड्यावर थांबायचं नसतं. रेघेवर 'ब'समोरच्या जागेपासून 'क' ७ साखळ्या १२ आण्यांवर आणि लंब ५ साखळ्या ८ आणे. पायथागोरसप्रमाणे 'ब'–'क' अंतर जवळजवळ साडेनऊ साखळ्या निघतं. शीव दोन गावांची, म्हणून शेजारच्या गावाच्या टिपणातही ती बाजू असणारच. ते टिपण मागवलं. त्यात ९ साखळ्या ८ आणे लिहिलेले होते. दोन गावांत वेगवेगळं लिहिलेलं माप एकाच जागी आलं. उभा दगड मात्र 'क'पासून २९२ फुटांवरच होता, म्हणजे सुमारे तेवीस फूट कमी. त्याच्या बुडाशी मातीही भुसभुशीत होती. झेंडीजवळ दीड फूट खणल्यावर तुटक्या दगडाचा बुंधा लागला. ट्रॅक्टरने तोडला असावा आणि वरचा तुकडा कोणीतरी 'सोयीच्या' जागी रोवला असावा, इतकंच सर बोलले. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

दरवेळी मापं अशी जुळत नाहीत. दोन्ही गावांची मोजणी वेगळ्या वेळी, वेगळ्या साखळीने झालेली असते. त्यांचे नकाशे आता संगणकावर शेजारी ठेवले, की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एका गावावर दुसरं चढतं. फटीतली जमीन कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते आणि चढलेली दोघांच्याही असते. नदीची शीव असेल तर पात्र सरकल्यावर आणखी गुंता. अशा वेळी दगडापेक्षा त्या त्या गावाच्या जुन्या नोंदी, वहिवाट आणि शेवटी अधिकाऱ्याचा निर्णय लागतो.

एका मुलीने विचारलं, "सर, आता रोव्हरने थेट अक्षांश-रेखांशच मिळतात ना?" मिळतात, आणि दोनतीन सेंटीमीटरपर्यंत अचूक मिळतात. तुमच्या मोबाईलचं जीपीएस मात्र उघड्या रानातही काही मीटर चुकतं, हे लक्षात ठेवा. पण रोव्हर एवढंच सांगतो की तुम्ही कुठे उभे आहात. शंभर वर्षांपूर्वी दगड कुठे होता, ते त्याला माहीत नसतं. त्यासाठी आधी टिपणावरून दगडाची जागा शोधावी लागते, मगच तिचे अक्षांश घेता येतात. चुकीच्या दगडाचे अक्षांश घेतले तर चूक तेवढीच अचूक नोंदली जाते.

त्या 'ब' दगडाचं पुढे काय झालं, हे कोणीतरी विचारलंच. नवा दगड बुंध्याच्या जागी बसवला. पंचनाम्यावर दोन गावांनी सह्या केल्या. तिसऱ्या गावाने सही केली नाही आणि निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागितली. फेरमोजणीत दगड जिथे होता तिथेच राहिला, फक्त साडेतीन इंच पूर्वेला घ्यावा लागला.